पेरभर पाऊस

(देवळापुढं पडदा लावून दाखवायचा चार मिनिटांचा व्हिडिओ. पडद्यावर एकही अक्षर नको. समोर बसणाऱ्या निम्म्या आज्ज्या शाळेत गेलेल्या नाहीत. जे सांगायचं ते हात, दोर, घागर आणि आवाज सांगतील. निवेदन गावातल्याच बाईच्या आवाजात, सावकाश.)

दृश्य 1. खानापूर तालुका, एप्रिल, पहाट

आडाचा रहाट करकरतो. सून दोर सोडते आहे. दोराला एका ठिकाणी लाल फडकं बांधलंय. ते रहाटावरून खाली जातं, अंधारात दिसेनासं होतं. तळाशी घागर घासते: खर्रर्र. हा आवाज पूर्ण ऐकू द्या, वर बोलू नका. घागर वर येते, अर्धी, गढूळ.

सून : आत्या, आज फडकंसुद्धा आत गेलं बघा.
आज्जी : शिमग्याला हातात राहायचं की गं ते.

निवेदन : कणकुंबीच्या डोंगरात मलप्रभा जन्मते. आपल्या तालुक्यातनं वाहते आणि सौंदत्तीजवळच्या धरणात जाऊन थांबते. तिथं अडवलं म्हणून तिथं साठलं. आपल्या डोक्यावर तर त्याच्या आधी पडतंय. मग एप्रिलात आपलीच घागर का घासते?

दृश्य 2. मिरगाचा पाऊस, अंगण

हा या व्हिडिओचा जीव. इथं घाई नको.

कौलांवरून पागोळ्या लागल्यात. पाणी अंगणातून गटारीत, गटारीतून ओढ्यात. कॅमेरा त्या पाण्याच्या मागं मागं जाऊ दे. अंगणाच्या मधोमध, उघड्यावर, सरळ काठाचा एक डबा. पाऊस थांबतो. नातू डब्यात बोट उभं बुडवतो. जवळून : बोट पहिल्या पेरापर्यंत ओलं.

नातू : आज्जी, एवढाच पडला. पेरभर.
आज्जी : एवढाच? घागरी आण बाळा. शेजारच्याही आण.

एक घागर. दोन. पाच. गल्लीतल्या बायका कमरेवर घागरी घेऊन येतात, पितळी, स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या. अंगण भरतं. आता वरून, माडीवरून दृश्य : सत्तर घागरी ओळीनं.

(चित्रीकरणासाठी : 500 चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की थोडं वाया जाऊनही हजारभर लिटर पाणी मिळतं. 15 लिटरची घागर धरली तर साधारण सत्तर. घागरी खरंच मोजून ठेवा. लोक मोजतात.)

आज्जी : पेरभर पावसात आपल्या एका छपरावरनं एवढं पाणी गेलं. आणि तू पहाटे अर्ध्या घागरीसाठी रांगेत उभारतीस.

सून काही बोलत नाही. रिकाम्या घागरीवर हात फिरवते.

दृश्य 3. पन्हळ

अण्णा वळचणीला पन्हळ बसवतात. पन्हळीला पाइप, पाइप खड्ड्यात. खड्डा भरताना कॅमेरा वरून सरळ आत : तळाला डोक्याएवढे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर वाळू. तिथून गाळलेलं पाणी दुसऱ्या पाइपनं आडात.

अण्णा : पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. कौलावरची घाण, पक्ष्यांची विष्ठा त्यातनं जाते. मग पाइप खड्ड्याकडं फिरवायचा.
सून : आणि मोरीचं?
अण्णा : ते आडात नको वैनी, कधीच नको. परड्यातल्या केळीला सोडा.

सून चुलीवर पाणी उकळते. वाफ. आडाचं पाणी प्यायचं तर असंच. एवढंच दाखवा, बोलायची गरज नाही.

दृश्य 4. उसाचा फड

एक शेतकरी पाचट पेटवायला काडी काढतो. अण्णा त्याचा हात धरतात.

अण्णा : जाळायलास कशाला? सरीत पसर की.

पसरलेलं पाचट बाजूला करून अण्णा मूठभर माती उचलतात, दाबतात. गोळा होतो. शेजारच्या उघड्या सरीतली माती दाबतात. बोटांतून भुरभुर सांडते. दोन्ही मुठी शेजारी शेजारी, पाच सेकंद, आवाज बंद.

दृश्य 5. रात्र, न्हाणी

तोटी ठिबकते : टप. टप. सून खाली तांब्या ठेवते, दिवा मालवते. पहाटे दार उघडते. तांब्या भरून ओसंडलाय. नातू तोटीला नवा वायसर घालून आवळतो.

दृश्य 6. पुढच्या वर्षीचा एप्रिल, पहाट

आता गल्लीतल्या सात घरांच्या पन्हळी त्याच आडाकडं वळलेल्या, एकामागून एक दिसतात. रहाट करकरतो. सून दोर सोडते. लाल फडकं रहाटापर्यंत पोचायच्या आधीच खालून आवाज येतो : डुबुक.

सून थांबते. हातातलं फडकं बघते.

सून : आत्या, इकडं या की जरा.

आज्जी येते, वाकून आत बघते. पाण्यात दोघींचे चेहरे हलतात. गावच्या बायकांच्या आवाजातली जात्यावरची ओवी सुरू होते आणि चित्र हळूहळू मावळतं.