विषय: २८ मार्चची छपराची मीटिंग – आपापल्या शहराची वेळ बघा (आधीचा मेल डिलीट करा)

नमस्कार सुनीलदादा, मेधाताई, नंदूकाका, अभय आणि वहिनी,

आधी माफी मागते. १४ तारखेला सुनीलदादा आले तेव्हा आम्ही गुडबाय म्हणत होतो, आणि चूक त्यांची नव्हती, माझीच होती. मी मेलमध्ये "सकाळी ७ EST" लिहिलं होतं, पण अमेरिकेत ८ मार्चलाच घड्याळं एक तास पुढे गेली होती, म्हणजे एडिसनला तेव्हा EDT चालू होता. दादांनी फोनच्या कन्व्हर्टरमध्ये EST टाकलं, त्याने ते खरं धरून ८ दाखवलं, आणि दादा बरोबर ८ ला हजर. एका अक्षराने एक तास गेला आणि छपराचा निर्णय दोन आठवडे लांबला.

म्हणून यावेळी प्रत्येकाची वेळ शहराच्या नावाने लिहिली आहे, UTC चा फरकही शेजारी टाकलाय, आणि दोनदा तपासलंय.

शनिवार, २८ मार्च २०२६ (तारीख सगळ्यांकडे तीच)

चिपळूण – दुपारी ४:३० (UTC+5:30)
दुबई, नंदूकाका – दुपारी ३:०० (UTC+4)
डब्लिन, मेधाताई – सकाळी ११:०० (UTC+0)
एडिसन, सुनीलदादा – सकाळी ७:०० (EDT, UTC-4)
सिडनी, अभय – रात्री १०:०० (AEDT, UTC+11)
ब्रिस्बेन, वहिनी – रात्री ९:०० (AEST, UTC+10)

अभय आणि वहिनी, तुम्ही दोघं एकाच देशात असूनही एक तासाचा फरक आहे, टायपिंग मिस्टेक नाही. ब्रिस्बेनला घड्याळ बदलतच नाहीत, सिडनीला अजून उन्हाळी वेळ आहे. वहिनी माहेरून जॉइन होणार असं अभय म्हणाला म्हणून त्यांची वेगळी ओळ टाकली, सिडनीला परत आल्या असतील तर अभयचीच वेळ धरा. सुनीलदादा, तुम्ही त्या वीकेंडला ऑर्लँडोला असाल तरी ७ च, तिथेही EDT च आहे.

मेधाताई, तुमच्यासाठी मुद्दाम. मी वर कुठेही IST लिहिलेलं नाही, कारण आमच्याकडे IST म्हणजे भारताची वेळ आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात IST म्हणजे आयरिश स्टँडर्ड टाइम. तुमचं घड्याळ २८ च्या रात्री, म्हणजे २९ ला पहाटे १ चे २ होणार, आपली मीटिंग त्याच्या आदल्या दिवशी आहे, म्हणून यावेळी ११ च. पुढची बैठक ११ एप्रिलला इथल्या ४:३० लाच ठेवली तर तुमच्याकडे तेव्हा १२ वाजलेले असतील, आणि सिडनीचं घड्याळ ५ एप्रिलला मागे जाणार म्हणून अभयकडे रात्रीचे ९. दुबई आणि एडिसनला तेव्हाही काही बदल नाही. त्याचा वेगळा मेल करीनच, आत्ता फक्त २८ लक्षात ठेवा.

कॅलेंडरचं आमंत्रण मी Asia/Kolkata लावून पाठवलंय, ते उघडलं की तुमच्या फोनला तुमची वेळ आपोआप दिसायला हवी. ती वरच्या ओळीशी जुळत नसेल तर अंदाज न लावता मला लगेच कळवा, बहुतेक फोनचा टाइम झोन चुकीचा सेट झालेला असतो (काका, तुम्ही मागे पुण्याहून परतल्यावर तसंच झालं होतं). १४ तारखेचं जुनं आमंत्रण मी कॅन्सल केलंय, तरी कुणाकडे अजून दिसत असेल तर काढून टाका.

मीटिंगमध्ये बोलायचं एवढंच: पडवीवरचे वासे कुजलेत ते सगळे बदलायचे की निम्मे, कौलं जुनीच परत चढवायची की वरून पत्रा टाकायचा, आणि सुताराला अॅडव्हान्स किती. माझं मत कौलांच्याच बाजूने आहे, फोटो आणि एस्टिमेट जोडलंय, आधी बघून ठेवा म्हणजे तासाभरात उरकेल आणि अभयला ११ ला झोपता येईल. मृगाच्या आधी छप्पर बंद व्हायला हवं, त्यामुळे आता अजून एक तारीख हुकली तर सुतार दुसरीकडे जाईल.

एक काम करा, या मेलला रिप्लाय करून फक्त आपलं शहर आणि आपल्या घड्याळातली वेळ लिहा, "दुबई ३" एवढंच पुरे. पाचही रिप्लाय बुधवार, २५ मार्चपर्यंत आले नाहीत तर ज्यांचा नाही त्यांना मी फोन करीन, आणि तो तुमच्याकडे दिवसा येईल याची काळजी घेईन.

प्राजक्ता
चिपळूण