अतिदक्षता विभागातील नोंदणीकृत परिचारिका : भारत व जर्मनीतील नोकरीसाठी व्यावसायिक परिचय (मराठी आवृत्ती)

मी मूळची मिरजेची असून २०१७ साली नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी घेतली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केली. सुरुवातीची तीन वर्षे सांगलीतील खासगी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात काम केल्यानंतर २०२० पासून मी पुण्यात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. सध्याच्या रुग्णालयाला माझ्या शोधाची कल्पना नसल्यामुळे त्याचे नाव येथे दिलेले नाही; मुलाखतीच्या वेळी ते सांगेन.

एका पाळीत माझ्याकडे साधारणतः व्हेंटिलेटरवरील दोन रुग्ण असतात. इन्फ्युजन पंपावरील औषधांचा वेग डॉक्टरांच्या आदेशानुसार बदलणे, रक्तातील वायूंच्या तपासणीसाठी नमुना घेणे, सेंट्रल लाइनची निगा राखणे, सक्शन करणे आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे ही कामे मी स्वतंत्रपणे करते. डायलिसिसचा अनुभव मात्र केवळ मदतनीस म्हणून आहे. पाळी बदलताना हँडओव्हर इंग्रजीत लिहून देते, पण रात्री अकरा वाजता बाहेर बसलेल्या नातेवाइकांना प्रकृती समजावून सांगायची असते ती मराठीत, हिंदीत आणि सीमाभागातून आलेल्या कुटुंबांना कन्नडमध्ये. कन्नड मला बोलता येते, लिहिता येत नाही.

जर्मन भाषेची बी १ परीक्षा मी चारही विभागांत उत्तीर्ण झाले आहे. बी २ पैकी वाचन व श्रवण हे विभाग झाले असून लेखन व संभाषण बाकी आहे; म्हणून इंग्रजी आणि जर्मन आवृत्त्यांतही ‘बी २ अपूर्ण’ असेच नमूद केले आहे. तिन्ही आवृत्त्यांत तारखा व पदनामे सारखीच असून नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवले आहे, कारण पदवीवरील नावात वडिलांचे नाव येते, कौन्सिलच्या दाखल्यावर येत नाही, आणि एवढ्याशा फरकावरून कागदपत्रे परत येऊ शकतात. जर्मन आवृत्तीत तेथील पद्धतीप्रमाणे छायाचित्र व जन्मतारीख आहे. इंग्रजी व मराठीत ती मुद्दाम वगळली आहेत. जर्मनीत परिचारिकेचे पदनाम कायद्याने संरक्षित असल्याने तेथील परवाना मिळेपर्यंत मी स्वतःला ‘भारतात नोंदणीकृत परिचारिका’ एवढेच म्हणवते. पदवीच्या समकक्षतेत काही उणीव निघाल्यास ज्ञानपरीक्षा देण्यापेक्षा प्रत्यक्ष रुग्णालयातील अनुकूलन प्रशिक्षण घेणे मी पसंत करीन, कारण तेथील नोंदींची पद्धत कामातूनच अंगवळणी पडेल.

पुणे अथवा मुंबईत अतिदक्षता विभागातील वरिष्ठ परिचारिकेचे पद मिळाल्यास दोन महिन्यांच्या नोटिशीनंतर मी रुजू होऊ शकते. जर्मनीतील नियोक्त्यांनी बी २ चा निकाल आणि पदवीची मान्यता यांसाठी लागणारा अवधी गृहीत धरावा. भरतीसाठी उमेदवाराकडून शुल्क घेणाऱ्या एजन्सींशी मी व्यवहार करत नाही.