चंद्र एक, भरत्या दोन: डोळे मिटून ऐकायचा भाग

(सूचना: सावकाश वाचा. जिथे ‘थांबा’ लिहिलंय तिथे तीन सेकंद शांतता ठेवा. ऐकणाऱ्याला चित्र उभं करायला तेवढा वेळ लागतो.)

नमस्कार मंडळी. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जो कोणी किनाऱ्यावर राहतो, त्याला हे पाठ असतं की दिवसात पाणी दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. शाळेत सांगतात, चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते. मग चंद्र ज्या बाजूला आहे तिथेच पाणी चढायला हवं, म्हणजे दिवसात एकच भरती. दुसरी कुठून येते?

आज तेवढंच समजून घेऊ. कागद नको, पेन नको. गाडी चालवत नसाल तर डोळे मिटा.

खाडीचं मुख डोळ्यांसमोर आणा. सुकती लागलीय, पाणी समुद्राकडे ओढ घेतंय. मुखाजवळ खाडी अरुंद आहे, त्यामुळे तिथे ओढ जास्त आणि मागे आत कमी. या पाण्यात एकामागे एक तीन होड्या सोडल्यात. वल्हं कोणी मारत नाही, नांगर नाही. होड्यांमध्ये दोर आहेत, पण सैल, पाण्यात लोंबणारे. तुम्ही मधल्या होडीत बसलाय.

(थांबा)

पुढची होडी जास्त ओढीत आहे, ती तुमच्यापेक्षा वेगाने जाते. मागची कमी ओढीत आहे, ती रेंगाळते. जातायत तिघीही समुद्राकडेच. पण मधल्या होडीतून तुम्हाला काय दिसतं? पुढची पुढे लांब चाललीय आणि मागची मागे लांब चाललीय. सैल दोर दोन्हीकडे ताणले गेले. मागच्या होडीला मागे कोणीही ओढलेलं नाही, ती फक्त कमी ओढली गेली.

आता नावं बदला. खाडीचं मुख म्हणजे चंद्र. पुढची होडी म्हणजे चंद्राकडच्या बाजूचं पाणी, मधली म्हणजे पृथ्वीचा गाभा, मागची म्हणजे पलीकडच्या बाजूचं पाणी. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीचा व्यास साधारण 12,740 किलोमीटर. एवढ्या अंतराने जवळच्या बाजूवरची ओढ पलीकडच्या बाजूपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी जास्त भरते. दोन्ही भरत्या या फरकातून येतात.

इथे होड्यांचं चित्र सोडायचं, कारण पुढे ते चुकवतं. होड्या निघून जातील, पाणी जाणार नाही; पृथ्वीने ते धरून ठेवलंय. शिवाय चंद्र पाणी सरळ वर उचलत नाही, तेवढी ताकद त्याच्यात नाही. उकडीचा गोळा हातात घ्या आणि दोन्ही तळव्यांनी कमरेवर हलकेच दाबा. गोळा दोन टोकांना फुगतो. समुद्राचं तसंच आहे: बाजूंचं पाणी सरकत सरकत दोन टोकांकडे जमतं. विहिरीत किंवा बादलीत भरती का दिसत नाही, याचं उत्तर इथेच आहे. सरकत यायला शेजारी पाणीच नाही.

म्हणजे समुद्राचा आकार आडव्या धरलेल्या असोल्या नारळासारखा झाला, एक टोक चंद्राकडे, दुसरं विरुद्ध बाजूला. हे चित्र फार फुगवलेलं आहे, तेही सांगायला हवं. खुल्या समुद्रात हा फुगवटा जेमतेम अर्ध्या मीटरचा. पृथ्वी नारळाएवढी केली तर तो केसाच्या जाडीच्या दहाहजाराव्या हिश्श्याएवढा होईल. आपल्या किनाऱ्यावर पाणी त्याहून खूप जास्त चढतं, कारण परातीतलं पाणी तालात हलवलं की काठाशी उंच जातं, तसं ते उथळ तळावर आणि निमुळत्या आखातात चढतं. म्हणूनच सिंधुदुर्गापेक्षा मुंबईला चढ जास्त आणि खंबातच्या आखातात त्याहूनही किती तरी जास्त.

पृथ्वी या नारळाच्या आत फिरते. आपला किनारा एका फेरीत दोन्ही टोकांखालून जातो, म्हणून दोन भरत्या. नारळ थोडा तिरका असतो, कारण चंद्र नेहमी विषुववृत्तावर नसतो. त्यामुळे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या येत नाहीत.

मग वेळ रोज पुढे का सरकते? घड्याळ आठवा. बाराला दोन्ही काटे एकावर एक. मिनिटकाटा तासाभरात पुन्हा बारावर येतो, पण तोवर तासकाटा एकवर गेलेला असतो. त्याला गाठायला आणखी पाच मिनिटं आणि थोडे सेकंद लागतात. आपला किनारा मिनिटकाटा, चंद्र तासकाटा. फेरी 24 तासांची, पण चंद्राला गाठायला सुमारे 24 तास 50 मिनिटं. दोन भरत्यांत अंतर 12 तास 25 मिनिटं.

आता सूर्य. सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा सुमारे 180 पट जोराने ओढतो. तरी त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहूनही थोडी कमी, साधारण 46 टक्के. परत होडीत या.

(थांबा)

या वेळी खाडी नाही, अफाट रुंद नदी आहे. ओढ जबरदस्त, पण पुढे-मागे जवळपास सारखी. तिन्ही होड्या झपाट्याने जातात आणि दोर मात्र सैलच राहतात. सूर्य चंद्राच्या सुमारे 390 पट लांब आहे; तिथून पृथ्वीची अलीकडची आणि पलीकडची बाजू जवळपास सारखीच ओढली जाते. भरती जोरावर ठरत नाही, फरकावर ठरते. या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे फुगवटे एका रेषेत येतात: 100 अधिक 46, उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात: 100 वजा 46, भांग. समुद्राला तालावर यायला वेळ लागतो, म्हणून सर्वांत मोठं उधाण बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतं.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब याच्याशी बराचसा जुळतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाऊण तास रोज म्हणजे 45 मिनिटं, खऱ्या 50 च्या अगदी जवळ. हा हिशेब मुंबई-रायगडकडचा; दक्षिणेला भरती थोडी आधी लागते.

आणि हे खास कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्यांसाठी. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. सहा तासांत ते असे येतात: एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. त्रयोदशी आहे असं धरू. भरती सकाळी पावणेदहाला, ओहोटी चारच्या सुमारास. चढ 3.6 मीटर धरला तर पाचपर्यंत पाणी 30 सेंटीमीटरच वाढतं. पोटरीपर्यंत. माणसाला वाटतं, अजून वेळ आहे. सहापर्यंत आणखी 60. सहा ते आठ या दोन तासांत मिनिटाला दीड सेंटीमीटर, म्हणजे पाव तासात एक वीत. म्हणून किल्ल्यातून निघायचं ते ओहोटी पूर्ण होण्याआधी, पाणी अजून उतरत असतानाच. पाऊणपटीने फक्त अंदाज येतो. त्या दिवसाची छापील वेळ किनाऱ्यावर विचारा आणि मगच पुळणीवरून पुढे पाऊल टाका.