शैलाकाकूंना, गौरी-गणपतीच्या आठवड्यात

काकू, नमस्कार.

समोरासमोर बोलायला गेले की माझा गळा दाटतो आणि तुम्ही "पुरे गं, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहूनच पाठवते आहे.

ह्यांचा डेंग्यूचा ताप उतरला त्या सकाळी आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं. तुम्ही मात्र दारातच म्हणालात, "मंजिरी, आता खरं जपायचं. ताप उतरल्यावरच डेंग्यू दगा देतो. पोट दुखतंय का विचार, हिरड्या बघ." संध्याकाळी पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तुम्ही सकाळपर्यंत थांबू दिलं नाहीत. मी फाइल शोधेपर्यंत रिक्षा गेटवर उभी होती. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा डोळ्यांपुढे तुम्हीच आलात.

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे तुम्ही पेन्सिलीनं लिहिलेला हिशेब मी जपून ठेवलाय : नारळपाणी एक पेला, भाताची पेज अर्धी वाटी, लघवी चार वाजता. डॉक्टरांनी तो कागद हातात घेऊन नीट वाचला होता.

निखिलनं रात्री रक्तपेढीत जाऊन प्लेटलेट्स दिल्या आणि सकाळी तसाच कामावर गेला. त्याला आमचे खूप आशीर्वाद सांगा. इराची वेणी, डबा, शाळेची बस, आईंच्या इन्सुलिनच्या वेळा, सगळं तुम्ही सांभाळलंत. मला दवाखान्यात घरची काळजी अशी करावीच लागली नाही. इरा अजून म्हणते, शैलाआजीसारखी घट्ट वेणी घाल.

आता ह्यांच्या प्लेटलेट्स व्यवस्थित आहेत. थकवा आहे थोडा, पण गणपती त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवला.

आज गौरी आल्या, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. उद्या पूजन आणि पुरणपोळी. काकू, उद्या आमच्याकडे सवाष्ण म्हणून तुम्ही जेवायला यायचं. काका गेल्यापासून तुम्ही हळदीकुंकवाला दारातूनच परत जाता, ते मला दर वर्षी खुपतं. हे मी एकटी म्हणत नाहीये. आईंनीच सकाळी सांगितलं, "गौरीपुढचं पहिलं ताट शैलाचं. आपलं घर तिनं उभं ठेवलं." ओटी त्याच भरणार आहेत आणि कुंकूही त्याच लावणार आहेत. त्यांनी हिरवी साडीसुद्धा काढून ठेवलीय. तुमच्या मनाला नको वाटलं तर कुंकवाचा आग्रह नाही, जेवणाचा मात्र आहे.

साडेबाराला पानं वाढू. निखिल आणि सूनबाईंना घेऊन या. येताना काही आणू नका, तुमच्या हातचं आम्ही महिनाभर खाल्लंय. तुम्हाला कटाची आमटी तिखट लागते, तशीच करतेय.

तुमची,
मंजिरी