साप्ताहिक प्रगती अहवाल: मोशी साइट, बिल्डिंग बी (६ ते ११ ऑक्टोबर २०२५)

प्रति: प्रोजेक्ट मॅनेजर, मुख्य कार्यालय, पुणे
प्रेषक: साइट इन्चार्ज, बिल्डिंग बी
प्रत: क्वालिटी, खरेदी, बिलिंग
दिनांक: शनिवार, ११ ऑक्टोबर, सायं. ६

साहेब,

आठवा स्लॅब ठरल्याप्रमाणे गुरुवारी (१६ ऑक्टोबर) टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचव्या मजल्याच्या कॉलमचा २८ दिवसांचा एक क्यूब रिझल्ट कमी आला आहे. कोअर टेस्टला सोमवारी सकाळी ११ पर्यंत मंजुरी मिळाली, तर शनिवारी १८ तारखेला स्लॅब टाकता येईल. ती तारीख हुकली की आरएमसी प्लँट आणि पंपवाले थेट २४ तारखेनंतर मिळतील.

## अडलेली कामं

१. पाचव्या मजल्याचे कॉलम सी-९ ते सी-१३: काँक्रीटची ताकद कमी (गंभीर)

- कास्टिंग ११ सप्टेंबर, एम-४०, एकूण २२ घनमीटर, ४ गाड्या.
- २८ दिवसांचा रिझल्ट ९ ऑक्टोबरला आला.
- नमुना १: ४६.२, नमुना २: ४४.८. दोन्ही ठीक.
- नमुना ३: ३६.५, ३५.१, ३५.८. सरासरी ३५.८ न्यूटन/चौ.मिमी.
- आयएस ४५६ प्रमाणे एम-४० ला एकाही नमुन्याची सरासरी ३७ च्या खाली चालत नाही.
- तिन्ही क्यूब एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणजे क्यूब भरताना किंवा टेस्टिंगला घोळ झाला असं म्हणता येत नाही. नमुना ग्राह्य धरावा लागेल.
- हा नमुना तिसऱ्या गाडीचा. ती गाडी याच ५ कॉलमला गेली.
- लोडिंग सकाळी ९:१०, गाडी रिकामी १२:२५. एकूण ३ तास १५ मिनिटं. आयएस ४९२६ ची मर्यादा २ तास.
- त्या गाडीचा स्लंप १६५ मिमी, बाकी तीन गाड्यांचा १२० ते १३०.

इतक्या उशिरा आलेल्या गाडीचा स्लंप उतरायला हवा, इथे तो चढला आहे. पुणे–नाशिक रस्त्यावरच्या कोंडीत वाटेत पाणी मारलं गेलं असावं. पुरावा नाही, म्हणून सप्लायरला आज फक्त वेळ आणि स्लंपची नोंद दाखवून लेखी खुलासा मागितला आहे.

शनिवारी सकाळी पाचही कॉलमवर रिबाउंड हॅमर मारला:

- सी-९, सी-१०, सी-१३: ३९ ते ४१
- सी-११, सी-१२: ३४ ते ३६
- तुलनेसाठी सी-५ (दुसरी गाडी, चांगला रिझल्ट): ४२ ते ४४

हॅमर फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. कमकुवत जागा कुठे शोधायची यासाठी तो उपयोगी, पण त्यावर कॉलम पास करता येत नाही. कोअर काढावेच लागतील.

- सोमवार: पाचही कॉलमवर यूपीव्ही, मग सी-११, सी-१२ आणि उरलेल्या तिघांपैकी सर्वात कमी वेगाचा कॉलम निवडून प्रत्येकी १ कोअर.
- व्यास ७५ मिमी. खडी २० मिमी असल्याने चालतो. १०० मिमीला सळ्यांमध्ये जागा नाही.
- आधी रिबार लोकेटर. उभी सळई कापली जाता कामा नये.
- जागा कॉलमच्या मधल्या उंचीत. लॅपच्या भागात नाही.
- भोक त्याच दिवशी नॉन-श्रिंक ग्राउटने बंद.
- रिपोर्ट: शुक्रवार १७, दुपारपर्यंत.
- पास होण्याची अट: सरासरी किमान ३४ (८५%), एकही कोअर ३० (७५%) च्या खाली नाही.
- लॅबचा खर्च: ₹३०,००० अधिक जीएसटी. सप्लायरच्या बिलातून वळता करण्याचं प्रस्तावित.

आकडे पाहता कोअर पास होण्याची शक्यता चांगली आहे. तरीही रिपोर्टआधी स्लॅब टाकायला माझा विरोध आहे: आठव्या स्लॅबचं ९६ घनमीटर काँक्रीट म्हणजे साधारण २४० टन, आणि त्यातला या ५ कॉलमच्या वाट्याचा भार नंतर उतरवता येणार नाही. नापास झाले तर जॅकेटिंग करावं लागेल, आणि ते वरचा भार वाढायच्या आधी करणं सोपं आणि स्वस्त.

तुमच्याकडून हवं: कोअर टेस्टची मंजुरी आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटला तुमच्या स्तरावरून मेल. सोमवार, सकाळी ११ पर्यंत.

२. सेंट्रिंगची गँग गावी जाते आहे (गंभीर)

- एकूण ३४ माणसं, त्यातली २६ बुधवारी १५ ला रात्री निघणार. पुणे–दानापूरची तिकिटं काढलेली आहेत.
- दिवाळीनंतर लगेच परत येणार नाहीत. २७–२८ ला छठ, आणि बिहारचं मतदान ६ व ११ नोव्हेंबरला.
- मतदानाच्या तारखा याच सोमवारी जाहीर झाल्या. आपल्या शेड्यूलमध्ये परतीची तारीख ३० ऑक्टोबर धरली आहे, ती आता लागू नाही.
- ठेकेदार ११ नोव्हेंबर सांगतो. प्रत्यक्ष कामाला १४ पासून धरावं.
- परिणाम: नववा स्लॅब किमान १२ दिवस मागे.

आठव्या स्लॅबचं सेंट्रिंग मंगळवारी संपेल, त्यामुळे त्याला धक्का नाही. उरलेल्या ८ जणांमधले ४ सुतार कास्टिंगच्या दिवशी टेकूंवर नजर ठेवायला लागतीलच. त्यांना १८ पर्यंत थांबवायचं ठेकेदाराशी बोलणं झालं आहे.

- पर्याय अ: १४ नोव्हेंबरपर्यंत थांबणं. जादा खर्च नाही, पण प्लेट-टेकूंचं भाडं चालू.
- पर्याय ब: चाकणची १२ जणांची गँग, २७ ऑक्टोबरपासून. दर चौ.मी.ला ₹४० जादा. नवव्या मजल्याचं ७८० चौ.मी. धरता ₹३१,२०० जादा.

पर्याय ब घ्यावा. फक्त त्यांना लिफ्टच्या भिंतींचं सेंट्रिंग देऊ नये. ओळंबा चुकला तर लिफ्टच्या गाइड रेलला त्रास होतो. कॉलम आणि साधा स्लॅब त्यांना जमेल.

तुमच्याकडून हवं: पर्याय ब ला होकार. मंगळवार संध्याकाळपर्यंत, नाहीतर ती गँग दुसरीकडे जाते.

३. बीम बी-१८ मधली फायर लाइनची स्लीव्ह (आरएफआय-४७, उत्तर बाकी)

- बीम २३० × ६००, आठवा स्लॅब, लॉबी.
- ड्रॉइंगप्रमाणे २०० मिमी स्लीव्ह कॉलमपासून ५०० मिमीवर, बीमच्या तळापासून ८० वर.
- तिथे शिअर जास्त. रिंगाही तुटतात.
- पाइप बीमखालून नेला तर लॉबीची उंची २.२५ मीटर राहते. फॉल्स सीलिंग २.३० ला आहे.
- आमचा प्रस्ताव: स्लीव्ह मिडस्पॅनकडे १.२ मीटर सरकवणं, उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात (तळापासून २०० ते ४००), दोन्ही बाजूंना जादा रिंगा.
- मंगळवारी (७ ऑक्टोबर) पाठवलं, शुक्रवारी आठवण केली.
- बी-१८ चं स्टील मुद्दाम न बांधता ठेवलं आहे. उत्तर आल्यावर ४ तासांचं काम.

तुमच्याकडून हवं: पहिल्या मुद्द्याच्या मेलमध्येच याची आठवण. मंगळवारपर्यंत उत्तर मिळालं तर १८ ला अडचण नाही.

## या आठवड्यात झालं

- सातव्या मजल्याचे कॉलम: ८ तारखेला पूर्ण. सर्व गाड्या २ तासांच्या आत.
- आठव्या स्लॅबचं सेंट्रिंग: ६०%.
- आठव्या स्लॅबचं बीमस्टील: ३५%.
- सातवा स्लॅब (४ ऑक्टोबर): ७ दिवसांचा क्यूब २१.६, म्हणजे एम-३० च्या ७२%. समाधानकारक.
- एएसी ब्लॉक: तिसरा मजला पूर्ण, चौथा ४०%.
- पहिला मजला: जिप्सम प्लास्टर ३ फ्लॅट पूर्ण.
- प्लंबिंग: दुसऱ्या मजल्यापर्यंत प्रेशर टेस्ट झाली. एका टॉयलेटमध्ये गळती, जॉइंट बदलला, सोमवारी पुन्हा टेस्ट.

## राहून गेलं

- चौथ्या मजल्याचं ब्लॉकवर्क ६०% धरलं होतं. होइस्ट दीड दिवस बंद होता, मोटरचा ब्रेक लायनर बदलला.
- टेरेस टाकीचं बारबेंडिंग शेड्यूल. पुढच्या आठवड्यात.

## पुढचा आठवडा

| दिवस | काम | कशावर अवलंबून |
|---|---|---|
| सोम. १३ | यूपीव्ही, कोअर | तुमची मंजुरी |
| मंगळ. १४ | सेंट्रिंग पूर्ण, लेव्हल चेक | – |
| बुध. १५ | स्लॅबस्टील, बी-१८ | आरएफआय-४७ |
| गुरु. १६ | इलेक्ट्रिक कंड्युट, स्लीव्ह, कव्हर ब्लॉक | – |
| शुक्र. १७ | कन्सल्टंटची स्टील तपासणी, कोअर रिपोर्ट | लॅब |
| शनि. १८ | आठवा स्लॅब, सकाळी ७ पासून | वरचं सगळं |

कास्टिंगची तयारी:

- १६ गाड्या, दर गाडीत ६ घनमीटर.
- ५ नमुने, ७ आणि २८ दिवसांसाठी मिळून ३० क्यूब. साच्यांची संख्या पुरेशी आहे.
- लोडिंगपासून २ तास उलटलेली किंवा स्लंप ठरल्यापेक्षा जास्त असलेली गाडी परत. गेटवरच निर्णय, पंपापाशी वाद नाही.
- व्हायब्रेटर ३ चालू, १ राखीव.
- सातव्या स्लॅबखालचे टेकू जागेवरच राहतील. हॉलचा गाळा ४.८ मीटर, म्हणजे १४ दिवस १८ तारखेलाच पूर्ण होतात. त्याच दिवशी वरून ओला भार येतो, तेव्हा एकही टेकू हलवायचा नाही.
- दिवाळीत क्युरिंग: ४ स्थानिक बिगारी, २० ते २३ ला दुप्पट हजेरी. मिक्समध्ये फ्लाय अॅश आहे, १० दिवस पाणी हवंच. १८ चा स्लॅब २८ पर्यंत.

## माल

- १६ मिमी सळई (फे ५००डी): आहे ३.२ टन, लागणार ४.१. बुधवारी सकाळपर्यंत साइटवर यायला हवी. खरेदी विभागाला ९ तारखेलाच इंडेंट दिला आहे.
- सिमेंट (ब्लॉकवर्क): १८० गोण्या, १० दिवस पुरतील.
- एएसी ब्लॉक: दिवाळीआधी २ गाड्या मागवल्या. नंतर प्लँट ४ दिवस बंद.
- क्रश सँड, कव्हर ब्लॉक: पुरेसे.

## सुरक्षा

- अपघात नाही.
- गुरुवारी सहाव्या मजल्याच्या कडेवरून एक टेकू खाली पडला. खाली कोणी नव्हतं. कडेपासून २ मीटरच्या आत सामान ठेवायला बंदी, पूर्व बाजूची सेफ्टी नेट बदलली.
- सातव्या मजल्यावर लिफ्टच्या दोन्ही डक्टना जाळी लावली.
- गँग निघण्यापूर्वी बुधवारी लेबर कॅम्पमधली वीज जोडणी तपासणार. खोल्या बंद करताना गॅस सिलेंडर आत राहणार नाहीत, ठेकेदाराकडून लेखी घेतलं आहे.

## पैसे

- गँगचं बिल क्र. ११ मोजून झालं, बिलिंगकडे गेलं. निघण्याआधी बुधवारी दुपारपर्यंत हातात पडलं पाहिजे. पैसे थकलेली गँग परत येताना दुसरी साइट धरते.
- आरएमसी सप्लायरचं सप्टेंबरचं बिल: पाचव्या मजल्याच्या कॉलमची रक्कम कोअर रिपोर्टपर्यंत रोखावी. बाकीची सोडायला हरकत नाही.

क्यूबचा रिपोर्ट, चारही गाड्यांच्या स्लिपा, हॅमरचे आकडे आणि बी-१८ चं स्केच सोबत जोडलं आहे. रविवारी साइटवर आहे. कॉलम पाहायला यायचं असेल तर सी-११ आणि सी-१२ वर खडूने खुणा केल्या आहेत.

साइट इन्चार्ज, बिल्डिंग बी