पूजा आणि लग्नाच्या फुलांच्या सजावटीचं बुकिंग सुरू 🌼 ठाणे आणि नवी मुंबई

श्रावणातल्या पूजा, गणपती, नवरात्र आणि तुळशीच्या लग्नानंतरचे लग्नाचे मुहूर्त, सगळ्याचं बुकिंग जांभळी नाक्यावरच्या दुकानात आणि इथे मेसेजवर घेतोय. पॅकेज, दर आणि वेळा खाली सविस्तर दिल्यात. घरात कार्य ठरलं असेल तर दोन मिनिटं काढून वाचा.

आम्ही आधी मुहूर्त विचारतो, बजेट नंतर. गुरुजी नऊला बसणार असतील तर सजावट आठला तयार हवी, म्हणजे आमची माणसं तुमच्या दारात साडेसहाला. त्यासाठी पहाटे दादरच्या फूल बाजारात जाऊन माल निवडायचा, बर्फावर न ठेवलेला झेंडू आणि शेवंती बघून घ्यायची. ही सगळी साखळी तुमच्या मुहूर्तावरून उलटी मोजावी लागते. म्हणून पत्रिकेवरची वेळ कळवा, पाहुण्यांना सांगितलेली नको.

🪔 घरची पूजा, ₹1,600
देव्हाऱ्याला झेंडू-शेवंतीच्या माळा, दारावर आंब्याच्या पानांचं तोरण, देवाचा एक मोठा हार, सुटी फुलं, दूर्वा, तुळस, विड्याची पानं. गणपतीची पूजा असेल तर दूर्वांच्या एकवीस जुड्या आणि जास्वंद त्यातच येतं. वास्तुशांत, मुंज, डोहाळेजेवण अशा घरगुती कार्यांना हेच पॅकेज थोडं वाढवून देतो.

🪔 सत्यनारायण, ₹3,800
सगळ्यात जास्त मागणी याला, आणि आम्हालाही सगळ्यात आवडतं काम हेच. चौरंगाला चार केळीचे खांब, त्यांना निशिगंध आणि झेंडूची गुंफण, चौरंगाच्या कडेने शेवंतीची किनार, मागे पडद्याऐवजी कामिनीचा हिरवा पाला, दाराला तोरण, वरचा सगळा पूजेचा फुलपाला. बुकिंग करताना चौरंगाची रुंदी इंचात कळवा. आणि चौरंग पंख्याखाली मांडणार का, तेही. फ्लॅटमध्ये छत खाली असतं, पानासकट खांब वर पंख्याला लागतात, अशा घरी आम्ही तीन फुटी खांब आणतो. विष्णुसहस्रनामाला तुळशीची हजार पानं लागतात. ती हवी असतील तर तीन दिवस आधी सांगा, आदल्या संध्याकाळी बसून मोजून, ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवतो. देठ तुटलेलं किंवा भोकं पडलेलं पान त्यात जात नाही.

💛 साखरपुडा, हळद, ₹14,000 पासून
दहा फुटांपर्यंतची मागची भिंत, बसायच्या जागेची सजावट, अंगठीचं ताट, प्रवेशद्वार. हळदीला झेंडू, पिवळी शेवंती आणि पांढरा निशिगंध पुरतो. त्यात गुलाबी ऑर्किड घुसवायचा आग्रह असतो, पण ऑर्किडचे पैसे रिसेप्शनला वाचवून ठेवा असंच आम्ही सांगतो. हळदीच्या हातांनी, पाण्याने ती सजावट तासाभरात विस्कटते आणि विस्कटायलाच हवी.

💐 लग्न, सकाळचा मुहूर्त, ₹48,000
मंडपाचे चार खांब आणि वरचं छत, स्टेज, प्रवेशद्वार, वधूवरांचे हार, मुंडावळ्या, नवरीची वेणी, घरच्या बायकांसाठी पन्नास गजरे, गाडीची सजावट. हारात गुलाब, निशिगंध किंवा अष्टर, तुमच्या पसंतीने. हार जड नको असेल तर आधीच सांगा. अंतरपाट दूर झाल्यावर पुढचे दोन तास तो गळ्यात असतो.

💐 लग्न आणि रिसेप्शन, ₹85,000
वरचं सगळं, शिवाय संध्याकाळी स्टेज पूर्ण बदलून देतो: जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड, जिप्सो. सकाळची फुलं संध्याकाळी तशीच उभी ठेवत नाही, प्रकाशझोतात ती आधीच कोमेजलेली दिसतात.

गजऱ्याबद्दल एक सांगायलाच हवं. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी लवकर खुडतात आणि त्या संध्याकाळच्या सुमारास उमलतात. त्यामुळे रिसेप्शनला गजरा अगदी ऐन घमघमाटात असतो, सकाळच्या मुहूर्ताला मात्र तो मिटलेल्या कळ्यांचा येतो. ‘गजरा उमललेला का नाही?’ असं मांडवात विचारलं जातं. आदल्या दिवशीची उमललेली फुलं दिली तर ती दुपारी पंगत उठेपर्यंत तपकिरी पडतील. कळ्यांचाच घ्या. हिवाळ्यात मोगरा कमी येतो आणि भाव चढतो, तेव्हा काकडा आणि अबोलीची वेणी सुचवतो, तीही सुरेख दिसते.

⏰ किती आधी सांगायचं?
घरची पूजा: तीन दिवस. सत्यनारायण: पाच दिवस, श्रावणात मात्र दहा. साखरपुडा, हळद: पंधरा दिवस. लग्न: किमान महिनाभर, मार्गशीर्षापासून पुढच्या सीझनला दोन महिने. ऑर्किड किंवा ठरावीक रंगाचा गुलाब हवा असेल तर रंग दहा दिवस आधी पक्का लागतो, नंतर बदलता येत नाही. दसऱ्याच्या आणि गणेश चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत नवीन ऑर्डर घेत नाही. त्या दिवसांत झेंडूचा भाव तासातासाला बदलतो आणि घाईत कुठलाही माल उचलून तुमच्याकडे पाठवणं आम्हाला पटत नाही. आधी बुक केलेल्यांना मात्र ठरलेला दरच लागतो, बाजार कितीही चढो.

🚚 पोचवण्याची वेळ
सुटी फुलं आणि हार सकाळी 5.30 ते 7.30. संध्याकाळच्या पूजेसाठी दुपारी 3 ते 4.30. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, माजिवडा, कळवा इथे पोचवणं मोफत. घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत मोफतच, पण आमची गाडी सात वाजायच्या आत तिकडे पोचते, त्यानंतरच्या ट्रॅफिकमध्ये वेळेचा शब्द देत नाही. ऐरोली, घणसोली, वाशी ₹400. नेरुळ, बेलापूर, खारघर ₹700.

सजावटीला माणसं येतात तेव्हा सोसायटीच्या गेटवर आदल्या रात्रीच नावं देऊन ठेवा, आणि मालाची लिफ्ट कधी चालू होते ते विचारून ठेवा. चौदाव्या मजल्यावर केळीचे खांब जिन्याने नेताना पानं फाटतात. लग्नाच्या मंडपाला आम्हाला पाच तास लागतात. हॉल आदल्या रात्री मिळत नसेल आणि मुहूर्त अकराच्या आतला असेल, तर मोठं पॅकेज आम्ही घेत नाही, त्याऐवजी फक्त मंडप आणि हार सुंदर करून देतो.

बुकिंगला अर्धी रक्कम, उरलेली काम बघून झाल्यावर. लग्नाची तारीख पुढे गेली तर दहा दिवस आधी कळवल्यास भरलेले पैसे नव्या तारखेला वळते करतो. थर्माकोल आम्ही वापरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्माल्य घेऊन जातो आणि महापालिकेच्या निर्माल्य कलशात टाकतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तारा आणि टाचण्या आधी काढून घेतो.

बुकिंगसाठी इथेच मेसेज करा: कार्य कोणतं, तारीख, मुहूर्ताची वेळ, पत्ता आणि मजला, जागेचा एक फोटो. दिवसा फुलांत हात अडकलेले असतात, उत्तर दुपारी 2 नंतर येईल. घरातल्या मोठ्यांना फोटोपेक्षा फुलं हातात घेऊन बघायची असतील तर त्यांना दुकानात घेऊन या, सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते 1. 🌸

#ठाणे #नवीमुंबई #फुलांचीसजावट #सत्यनारायणपूजा #मराठीलग्न #गजरा