वाफ पण आलीये, मोजा पण आलाय

आधी खुलासा करते, नाहीतर कमेंटमधे सगळे तेच विचारणार. माझ्या चहाच्या कपाच्या ह्या फोटोत उजव्या कोपऱ्यात ते राखाडी जे लोंबतंय ना, तो मोजा आहे. परवापासून दोरीवर आहे, कडकडीत वाळलाय बिचारा, जोडीचा दुसरा कुठं गेलाय देवाला ठाऊक. क्रॉप केला तर कपाचा कान पण जातो, आणि कान नसलेला कप म्हणजे मग वाटी वाटते. हात लांब करून काढता आला असता म्हणाल, तर नाही, बघितलं मी, चार बोटं कमी पडतात, त्यासाठी उठावं लागतं. आणि आज उठायचं नाही असं ठरलंय. म्हणजे ठरवलं असं कुणी नाही, आपोआपच झालंय ते.

सव्वासात वाजलेत. सुट्टी आहे. गॅलरी इतकीशी की खुर्ची टाकली की दार अर्धंच उघडतं, म्हणजे माझ्याशिवाय दुसरं कुणी येऊच शकत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. पाय कठड्यावर, कप स्टुलावर, स्टूल एका पायानं किंचित लंगडं असल्यामुळं चहा कपात सारखा जरासा हलत असतो आणि त्यात वरच्या आभाळाचा एक पांढरा तुकडा पण हलत असतो. मी पाच मिनिटं तेच बघत होते. खरंच. काही विचार वगैरे नव्हता डोक्यात.

मग म्हटलं फोटो काढू. आणि इथंच थोडा घोटाळा झाला.

पहिल्या सात फोटोंत वाफच नाही. समोर डोळ्यांना भसाभस दिसतीये आणि फोनमधे बघावं तर कप एकदम गारढोण, रात्रीपासून विसरून राहिल्यासारखा. जवळ नेला तर लेन्सवरच धुकं बसलं, ते टीशर्टला पुसलं तर आणखी फराटे. मग लक्षात आलं की ऊन माझ्या पाठीमागून येतंय आणि कपामागं पांढरी भिंत आहे, पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार कपाळ. (उठले नाही हां. स्टूल पायानंच ढकलत ढकलत अर्धा गोल फिरवलं आणि खुर्चीसकट मी पण फिरले, ह्या सगळ्यात अर्धा घोट स्टुलावर सांडला, तो डाग पण फोटोत आहे, शोधा.) आता ऊन कपाच्या मागून आलं, पलीकडं कुंड्यांची गर्द सावली, आणि आहाहा, वाफ अशी काही उठून आली की बस.

त्याचं कारण पण सांगते, कारण मला हे फार आवडतं. आपण जिला वाफ म्हणतो ती खरी वाफ नसतेच. खरी वाफ दिसत नाही. वर जाताना तिला गार हवा लागते आणि तिचे पाण्याचे इतके बारीक थेंब होतात की ते खाली पडायच्या ऐवजी तरंगत राहतात, आपल्याला दिसतात ते हे थेंब. उकळत्या किटलीच्या तोंडाशी बघा कधी, अगदी तोंडाला लागून थोडी जागा रिकामी दिसते आणि मग पुढं पांढरा लोट सुरू होतो. ती रिकामी जागा म्हणजे खरी वाफ, तिथं बोट नेऊ नका. आणि असले बारीक थेंब उजेड जास्त करून पुढच्या बाजूला फेकतात, त्यामुळं उजेड त्यांच्या मागून तुमच्याकडं येत असेल आणि पलीकडं काळोखं काही असेल तरच ते झळकतात. म्हणजे फिल्टर बिल्टर काही नाहीये ह्या फोटोला, नुसतं स्टूल फिरवलंय.

वाऱ्याची झुळूक आली की ती वाफ एकदम आडवी होते, क्षणभर नाहीशी होते आणि मग परत कपातूनच हळूच डोकं वर काढते. दोन वेळा तिचा पिळा झाला आणि एकदा अगदी प्रश्नचिन्हासारखी झाली होती, तो क्षण हुकला, फोन मांडीवर होता. असू दे.

आता चहा प्यायला एवढा वेळ का लावतेय असं घरचे नेहमी विचारतात. माझ्याकडं आता कागदोपत्री उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी जी संस्था आहे तिनं २०१६ मधेच सांगून ठेवलंय की ६५ अंशांच्या वर गरम असलेली पेयं पिणं अन्ननलिकेसाठी बहुधा धोक्याचं असतं. चहाचा दोष नाही, गरमपणाचा. त्यामुळं मी आळशी नाहीये, मी थांबलीये. ह्यात फरक आहे.

आणि थांबायला मजा येते कारण चहा एकसारखा निवत नाही. सुरुवातीला भराभर निवतो, आणि मग जसजसा भोवतालच्या हवेच्या जवळ येतो तसतसा तो पण माझ्यासारखाच सुस्तावतो. मधे एक टप्पा येतो, ओठाला चटका नाही पण छातीत उतरताना कळतं, तो टप्पा फार थोडा वेळ असतो आणि मी तो दर सुट्टीला चुकवते, कारण मी कुठंतरी बघत बसलेली असते. आजही चुकवला. आज एक मुंगी स्टुलावरून चालली होती, सांडलेल्या चहाच्या थेंबापाशी आली, थांबली, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि आली तशी परत गेली. बहुतेक बाकीच्यांना सांगायला. तोवर माझ्या चहावर साय धरली होती, सुरकुतलेली, मधोमध पोकळीवर ताणल्यासारखी. काहींना ती बघून कसंतरी होतं, मी ती चमच्यानं बाजूला करते, चमचा आत घरात होता, म्हणून बोटानं केली. सांगू नका कुणाला.

अजून एक गोष्ट. पहिल्या घोटाला जी तरतरी येते ना ती कॅफीनची नसते, त्याला रक्तात पुरतं चढायला अर्धा तास तरी जातो. म्हणजे ते "हाऽऽ" जे तोंडातून निघतं ते नुसतं गरम कप दोन्ही हातांत धरल्याचं असतं. मला तर कप धरला की अजूनच झोप येते, तो भाग वेगळा.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. खाली कुणीतरी गाडी सुरू करतंय, होत नाहीये, परत करतंय. ऊन आता माझ्या अंगठ्यापर्यंत आलंय. कप रिकामा आहे आणि दुसरा हवाय, पण त्यासाठी काय करावं लागतं ते तुम्हाला माहितीये. आत दोनदा हाक मारली. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा पांघरुणातून "हं" असा आवाज आला.

म्हणजे कुणीतरी जागं आहे.

#गॅलरीतला_चहा #आज_उठणार_नाही #मोजा_दुर्लक्षित_करा